"ताई, मला बिझनेस करायचाय" एवढंच लिहून पाठवण्याआधी

महिन्यातून सात-आठ वेळा तरी मला हा मेसेज येतो. "ताई मला बिझनेस करायचाय, प्लीज मार्गदर्शन करा." बास, पुढे काही नाही. कुठल्या गावातून बोलताय, हाताला काय येतं, पैसे किती आहेत, घरात कोण कमावतंय, काहीच नाही. मी साताऱ्यात इडली-डोशाचं ओलं पीठ करून दुकानांना देते, अकरा वर्षं झाली, त्यामुळे लोकांना वाटतं हिला विचारलं की ही सांगेल. सांगायची इच्छा असतेच हो, पण या एका ओळीला उत्तर काय द्यायचं? मी "पिठाचा धंदा करा" म्हटलं आणि समोरचा माणूस अशा गावात राहत असला जिथे घराघरात मिक्सरवर पीठ होतं, तर त्याचे पैसे माझ्या शब्दावर बुडणार.

आणि अजून एक गोष्ट, ती सगळ्यात आधी सांगते कारण यात लोकांचं खरंच नुकसान झालेलं बघितलंय. असा रिकामा मेसेज तुम्ही चार ठिकाणी टाकला की माझ्यासारखे लोक गप्प बसतात, पण ज्यांना काहीतरी विकायचंय ते लगेच फोन करतात. "मशीन आमच्याकडून घ्या, कच्चा माल आम्ही देतो, तयार माल आम्हीच परत घेतो." अगरबत्तीचं मशीन, कागदी डिशचं मशीन, कापसाच्या वातींचं मशीन, नाव बदलतं, पद्धत तीच. पहिल्या महिन्यात माल उचलतात, दुसऱ्या महिन्यात क्वालिटी बरोबर नाही म्हणून परत करतात, तिसऱ्या महिन्यात फोन बंद. माझ्या ओळखीतल्या एका काकूंच्या घरी असलं एक मशीन चादर टाकून पडलंय, त्यासाठी गळ्यातलं मोडलं होतं त्यांनी. तुमच्याकडे धंदा ठरलेला नसतो, म्हणून समोरचा त्याचा धंदा तुमच्या गळ्यात घालतो, साधं आहे. लोन करून देतो पण आधी प्रोसेसिंग फी भरा म्हणणारेही असेच येतात, त्यांना एक रुपया देऊ नका.

तर मेसेजमध्ये तीन गोष्टी पाहिजेत, धंदा, पैसा आणि जागा. तुम्ही म्हणाल तेच तर माहीत नाही म्हणून विचारतोय. बरोबर आहे, पण या तीन गोष्टी दुसरं कुणी तुमच्यासाठी ठरवू शकत नाही, आणि घरबसल्या दोन-तीन आठवड्यांत बऱ्यापैकी ठरवता येतात. कशा, ते मी कराडच्या एका मुलीची गोष्ट सांगत सांगत सांगते, तिने हा सगळा प्रकार केला आणि मी तिच्या सोबत फोनवर होते. तिचा पहिला मेसेजही हाच होता, फक्त तिने शेवटी "मी कराडची" एवढं जास्त लिहिलं होतं, आणि खरं सांगू का, त्या दोन शब्दांमुळेच मी उत्तर दिलं.

आधी जागा

बहुतेक जण धंदा आधी शोधतात. मी म्हणते जागा आधी बघा, कारण धंदा बदलता येतो, पण तुम्ही जिथे राहता ते घर, मुलांची शाळा, सासू-सासरे हे काही उचलून दुसरीकडे नेता येत नाही. आणि जागा म्हणजे गाळा नव्हे. गाळ्याचं नाव आत्ता काढूच नका. जागा म्हणजे तुमच्या घरापासून चालत किंवा स्कूटीवर दहा-पंधरा मिनिटांत जी माणसं आहेत ती, आणि ती माणसं सकाळी आणि संध्याकाळी पैसे कशावर घालवतात ते.

मी त्या मुलीला सांगितलं, वही घे आणि तीन दिवस सकाळी साडेसहा ते साडेआठ एखाद्या डेअरीच्या बाहेर उभी राहा, एक दिवस रविवारचा घे. कोण काय घेतंय ते लिही. लाजायचं नाही, कुणी विचारलं तर सांगायचं की काम शोधतेय.

तिने पहिल्यांदा विद्यानगर निवडलं, कारण तिथे इंजिनिअरिंग कॉलेज आहे, बाकीची कॉलेजं आहेत, पोरं-पोरी रूम करून राहतात, गर्दी दिसते. कुणीही हेच निवडलं असतं. तीन दिवसांची वही बघितली तर दूध, बिस्किट, ब्रेड, चहा, वडापाव. शिजवून खायची वस्तू जवळजवळ कुणीच घेत नव्हतं, कारण रूमवर गॅस नाही, मेस लावलेली आहे. मग ती मलकापूरला गेली, तिथे कृष्णा हॉस्पिटल आहे, आसपास नर्सेस, टेक्निशियन, डॉक्टर मंडळी कुटुंबासह राहतात. तिथे डेअरीत नाईट ड्युटी संपवून आलेल्या बायका दूध घेता घेता फ्रिजमधून पिठाचं पाकीट उचलत होत्या. गर्दी विद्यानगरात जास्त होती, पण गिऱ्हाईक मलकापुरात होतं. हे घरी बसून कधीच कळलं नसतं.

दुसरं एक काम तिला दिलं होतं, ते तुम्हीही करा, तुमचा धंदा काहीही असला तरी. जी वस्तू तुमच्या मनात आहे ती दुकानात आत्ता कुणाची येते ते बघा, आणि ती संपते कधी ते बघा. सकाळी फ्रिजमध्ये बारा पाकिटं होती, संध्याकाळी सहाला किती उरली? एकही उरलं नसेल तर तिथे अजून माल खपतो. सात उरली असतील तर तुम्ही गेलात तरी सात उरणार, फक्त ती वाटून उरतील. तिने चार दुकानं आठवडाभर बघितली, त्यात दोन दुकानांत पाचच्या आत माल संपत होता आणि दुकानदार गिऱ्हाइकाला "उद्या सकाळी या" म्हणत होता. तो "उद्या सकाळी या" जिथे ऐकू येतो ना, तिथे थांबा.

मग धंदा

आता हाताला काय येतं. इथे लोक मला त्यांची डिग्री सांगतात. डिग्री असू दे, पण मला हे सांगा की असं काय आहे जे तुम्ही सलग शंभर दिवस रोज पहाटे उठून करू शकाल आणि शंभराव्या दिवशी पण तसंच उतरेल. ती मुलगी आधी म्हणाली मला केक येतात. वर्षात किती केले? चार, घरच्या वाढदिवसाला. मग रोज काय करतेस? तर सासर मोठं, नाश्त्याला आठ माणसं, आठवड्यातून तीनदा इडली नाहीतर डोसे, आणि शेजारच्या दोघी तिच्याकडून पीठ मागून नेतात. हे तिने सहज सांगितलं, जाता जाता, आणि तेच उत्तर होतं. लोक तुमच्याकडे आपणहून काय मागायला येतात ते आठवा. ब्लाउज शिवून मागतात, सायकल दुरुस्त करून मागतात, फॉर्म भरून मागतात, मोदक करून मागतात. त्यातली कुठली गोष्ट तुमच्या वहीतल्या नोंदींशी जुळते, ती पहिली पकडा.

मग लगेच मशीन घ्यायचं नाही. दहा दिवस घरच्या साधनांवर करून विकायचं, हो, विकायचं, फुकट वाटायचं नाही. फुकट दिलं की सगळे छान म्हणतात. तिने घरच्या टेबलटॉप ग्राइंडरवर रोज तीन किलो पीठ केलं, अर्धा किलोची सहा पाकिटं, आणि ओळखीच्या बारा घरांत विकली, पण नातेवाईक सोडून. यात मोजायचा आकडा एकच, दुसऱ्यांदा कुणी मागितलं. पहिल्यांदा माणूस तुमच्या तोंडाकडे बघून घेतो, दुसऱ्यांदा मालाकडे बघून घेतो. तिच्या बारा घरांतल्या सात घरांनी दुसऱ्यांदा मागितलं आणि चार घरांनी तिसऱ्यांदा. मला ते पुरेसं वाटलं. बारापैकी दोघांनीच मागितलं असतं तर मी तिला थांबवलं असतं, आणि ज्या दहांनी नाही मागितलं त्यांना जाऊन विचार म्हटलं असतं.

बाकी पाच घरांना तिने विचारलंच. तिघी म्हणाल्या दुसऱ्या दिवशी आंबट होतं. हे महत्त्वाचं निघालं, पुढे सांगते.

आता पैसा, आणि इथे जरा सावकाश वाचा

"भांडवल किती लागेल?" हा प्रश्न उलटा आहे. तुमच्याकडे असे किती पैसे आहेत जे गेले तरी घरातला किराणा, शाळेची फी आणि औषधं थांबणार नाहीत, हा आकडा आधी काढा. तिच्याकडे ४५ हजार होते, काही स्वतःचे, काही बचत गटातून, आणि नवऱ्याचा पगार चालू होता त्यामुळे घरखर्च त्यातून काढायचा नव्हता. ज्यांना घरखर्च याच पैशातून काढायचाय त्यांनी आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढावा आणि जे उरेल ते भांडवल समजावं. काही उरत नसेल तर नोकरी सोडू नका, सकाळचे दोन तास किंवा रविवार यावरच सुरुवात करा.

आता एका पाकिटाचा हिशोब बघू. हे भाव तिच्या वहीतले आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. चार भाग तांदूळ, एक भाग उडीद डाळ. म्हणजे एक किलो कोरड्या मालात ८०० ग्रॅम तांदूळ ४५ च्या भावाने ३६ रुपयांचे आणि २०० ग्रॅम उडीद डाळ १३० च्या भावाने २६ रुपयांची, चिमूटभर मेथी धरून ६३ रुपये. भिजून आणि वाटताना पाणी पडून याचं साधारण सव्वादोन किलो पीठ होतं. म्हणजे एक किलो पीठ २८ रुपयांना, अर्धा किलो १४ ला. पाऊच आणि स्टिकर अडीच रुपये, लाइट-पाणी दीड रुपया. एक पाकीट १८ रुपयांना पडलं. पाकिटावर किंमत ४०, दुकानदाराला ३२ ला द्यायचं, म्हणजे पाकिटामागे १४ रुपये सुटतात.

इथे नव्या माणसाचा हिशोब संपतो, "रोज शंभर पाकिटं, रोज १४०० रुपये, महिन्याचे बेचाळीस हजार!" असं म्हणून तो मोकळा होतो. पण पीठ ही नासणारी वस्तू आहे, जी पाकिटं खपत नाहीत ती दुकानदार परत देतो, आम्ही त्याला रिटर्न म्हणतो. शंभर पाकिटं दिली आणि दहा परत आली, तर नव्वदचे ३२ प्रमाणे २८८० रुपये मिळाले, शंभरचा खर्च १८०० गेला, हातात १०८०. तीस परत आली तर सत्तरचे २२४० मिळाले, खर्च तोच १८००, हातात ४४०. बघा, माल तोच, मेहनत तीच, आणि कमाई निम्म्याच्याही खाली. म्हणून नासणाऱ्या कुठल्याही मालात, मग ते पीठ असो, भाजी असो, फुलं असोत, तुमची कमाई किती विकलं यापेक्षा किती परत आलं यावर ठरते. रोजच्या वहीत रिटर्नचा रकाना पहिल्या दिवसापासून पाहिजे, दुकानाप्रमाणे वेगळा.

तिला मी ४० पाकिटांनी सुरू करायला सांगितलं. दहा टक्के रिटर्न धरला तर पाकिटामागे सरासरी १० रुपये ८० पैसे, चाळीसचे रोजचे ४३२, महिन्याला २६ दिवस धरले तर अकरा हजार दोनशेच्या आसपास, पेट्रोलचे दीड हजार गेले की साडेनऊ-पावणेदहा हजार. यात तिची स्वतःची मजुरी वेगळी धरलेली नाही, तेवढेच काय ते तिचे. पहाटे चारला उठून. हा आकडा ऐकून करायचं की नाही ते ठरव म्हटलं. ती एक दिवस गप्प होती, मग म्हणाली करते. मला तो एक दिवस बरा वाटला, लगेच हो म्हणणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

दुसरी गोष्ट जी कुणी धरत नाही ती म्हणजे उधारी. दुकानदार रोज पैसे देत नाही. आठवड्याने देतो, किंवा "मागचं बिल पुढच्या मालाला" असं चालतं. आठ दुकानं, प्रत्येकी पाच पाकिटं, ३२ प्रमाणे रोजचा १२८० रुपयांचा माल बाहेर जातो. आठ दिवसांनी पैसे आले तर दहा हजारांच्या आसपास रक्कम सतत बाजारात अडकलेली. ती तुमचीच आहे पण तुमच्या हातात नाही, आणि तांदूळ तर उद्या आणायचाय. धंदे इथे बंद पडतात, नफा होत असताना बंद पडतात.

म्हणून तिचे ४५ हजार आम्ही असे वाटले. २० हजारांत पाच लिटरचा टिल्टिंग ग्राइंडर आणि हाताचं सीलिंग मशीन. १० हजार माल आणि उधारीसाठी. ५ हजार पाऊच, स्टिकर, वजनकाटा आणि कागदपत्रं. राहिलेले १० हजार वेगळ्या खात्यात, त्यांना हात लावायचा नाही, ग्राइंडरची मोटर जळली किंवा मे महिन्यात माल नासला तर त्यासाठी. फ्रिज घरातलाच, वरचे दोन कप्पे धंद्याचे, सासूबाईंशी बोलून. मोठा फ्रिज पहिल्या सहा महिन्यांत घ्यायचा नाही असं ठरवलं, आणि घेतलाच तर जुना.

बिघडतं कुठे

त्या तिघींचं आंबट पीठ आठवा. इडलीचं पीठ वाटल्यावर आंबायला लागतं, उन्हाळ्यात पाच-सहा तासांत फुगतं, थंडीत रात्रभर लागते. ती घरच्यासारखंच आंबवून पाकिटात भरत होती. घरी ठीक आहे, लगेच खायचं असतं. विकायच्या पिठाला आंबवून भरायचं नाही, थंड पाणी घालून वाटायचं म्हणजे वाटताना गरम होत नाही, वाटलं की लगेच भरून फ्रिजमध्ये, आणि पाकिटावर लिहायचं की वापरायच्या आधी काही तास बाहेर काढून ठेवा. एवढं केल्यावर तीन दिवस आरामात टिकायला लागलं.

मग एप्रिलमध्ये तिचा रडवेला फोन, एका दुकानातून रोज चार-पाच पाकिटं फुगून परत येतायत, बाकी सात दुकानांत काही नाही. माल एकाच घाण्याचा. मी म्हटलं सकाळी दुकान उघडायच्या वेळेला जा आणि फ्रिजमधल्या पाकिटाला हात लाव. गेली. पाकीट कोमट, आतून घाम आलेला, काचेवरही पाणी. दुकानदार रात्री लाइटबिल वाचवायला फ्रिज बंद करून जात होता. त्याला वाईट म्हणून उपयोग नाही, त्याचं बिल त्याला दिसतं. तिने त्याला दोन पर्याय दिले, संध्याकाळी उरलेली पाकिटं ती स्वतः घेऊन जाईल आणि सकाळी ताजी देईल, नाहीतर तिथे माल बंद. तो पहिल्याला तयार झाला. रिटर्न एकाच दुकानातून येत असेल तर दोष दुकानात शोधा, सगळीकडून येत असेल तर आपल्या घाण्यात. दुकानाप्रमाणे रकाना वेगळा ठेवायला सांगितलं ते यासाठी.

कागदपत्रं, थोडक्यात

यात घाबरण्यासारखं काही नाही पण क्रम पाळा. खायची वस्तू विकायची तर आधी अन्न सुरक्षेची नोंदणी, ती foscos.fssai.gov.in वर होते, छोट्या घरगुती धंद्याला साधं रजिस्ट्रेशन पुरतं आणि त्याची फी किरकोळ आहे. पाकीटबंद माल असेल तर पाकिटावर नाव-पत्ता, वजन, तारीख, किंमत, तक्रारीसाठी फोन आणि तो अन्न नोंदणीचा नंबर हे लागतंच, आणि काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का पाहिजे, पॅकिंग करणाऱ्याची नोंदणी पण त्याच खात्यात विचारून घ्या. उद्यम नोंदणी udyamregistration.gov.in वर आधार कार्डवरून होते आणि ती पूर्ण फुकट आहे, दीड-दोन हजार मागणाऱ्या वेबसाइट सरकारी नाहीत. जीएसटी लगेच लागत नाही, महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाख उलाढालीपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत साधारणपणे सूट आहे. आणि धंद्याला घरचा लाल सिलेंडर वापरू नका, तो गुन्हा आहे.

लोनबद्दल सगळ्यात जास्त विचारणा असते म्हणून सांगते. मुद्रामध्ये शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं, तारण लागत नाही, पण बँकेचा साहेब विचारतो काय तर कसला धंदा, तुमचे किती, आणि कुठे. तेच तीन प्रश्न. सबसिडीच्या ज्या मोठ्या योजना आहेत, केंद्राची पीएमईजीपी आणि राज्याची मुख्यमंत्री रोजगार निर्मिती, त्यात स्वतःचे पाच ते दहा टक्के घालावेच लागतात, आणि सबसिडी तुमच्या हातात रोख येत नाही, ती बँकेत तीन वर्षं अडकून राहते आणि धंदा चालू असेल तर कर्जात वळती होते. शिवाय या योजना नव्या युनिटला आहेत. म्हणजे त्यातून जायचं मनात असेल तर दहा दिवसांची घरगुती चाचणी करा, पण नोंदणी आणि मशीन खरेदीच्या आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा. काहीच येत नसेल तर जिल्ह्यातल्या आरसेटीत जा, बँका चालवतात, प्रशिक्षण फुकट आणि राहणं-खाणं पण.

मेसेज कुणाला पाठवायचा

यावर मला मनापासून बोलायचंय. तुमच्याच गावात तोच धंदा करणाऱ्याला विचारू नका. तो वाईट असतो म्हणून नव्हे, तुम्ही त्याचं गिऱ्हाईक घेणार असता. ती मुलगी साताऱ्यात माझ्या गल्लीत राहत असती तर मी तिला रिटर्नचा हिशोब उघडून दाखवला असता का? नसता. कराड माझ्यापासून पन्नास किलोमीटर, म्हणून सगळं सांगितलं. दोन गावं सोडून, तुमच्या गावाएवढ्याच गावात, तोच धंदा पाच वर्षांहून जास्त करणारा माणूस शोधा. पुण्या-मुंबईच्या माणसाचे आकडे तुमच्या तालुक्याला लागू पडत नाहीत. आणि फोन करायचा तर त्याच्या धंद्याची वेळ टाळून, पिठवाल्यांना दुपारी दोन नंतर, हॉटेलवाल्यांना चार वाजता, शिवणकामवाल्यांना सणाच्या आधी नकोच.

मेसेज कसा असावा, तर तिने तीन आठवड्यांनी मला जो दुसरा मेसेज केला तो तिला विचारून देतेय, नाव काढून:

"ताई नमस्कार, मी कराडहून. घरापासून स्कूटीवर दहा मिनिटांवर मलकापूर हॉस्पिटल एरिया आहे, तिथल्या चार दुकानांत आठवडाभर बघितलं, दोन दुकानांत इडली पीठ संध्याकाळी पाचच्या आत संपतं. मी घरच्या ग्राइंडरवर दहा दिवस रोज तीन किलो करून बारा घरांत विकलं, सात घरांनी परत मागितलं, तिघींनी आंबट म्हणून नाही घेतलं. माझ्याकडे ४५ हजार आहेत, घरखर्च नवऱ्याच्या पगारात चालतो. सकाळी चार ते नऊ वेळ देऊ शकते. प्रश्न एवढाच की पीठ दुसऱ्या दिवशी आंबट होतं ते कसं थांबवायचं, आणि ४५ हजारांत पाच लिटरचा ग्राइंडर घ्यावा का दहाचा?"

या मेसेजला मी त्याच दिवशी दुपारी फोन केला आणि चाळीस मिनिटं बोललो आम्ही. ग्राइंडर पाचचा घे म्हटलं, चाळीस पाकिटांना वीस किलो पीठ लागतं म्हणजे नऊ किलोच्या आसपास कोरडा माल, तो पाचवर चार-पाच घाण्यांत निघतो, दहाचा घेतला असता तर उधारीचे पैसे त्यातच गेले असते.

तुमचा धंदा पिठाचा नसेल, शिवणाचा असेल, मोबाईल रिपेअरिंगचा असेल, रोपवाटिकेचा असेल, तरी मेसेजमध्ये हेच येऊ द्या: कुठे राहता आणि तिथे काय बघितलं, काय करून विकून बघितलं आणि किती जणांनी परत मागितलं, बुडाले तरी चालतील असे पैसे किती, दिवसातले तास किती, आणि शेवटी एक किंवा दोन नेमके प्रश्न. मार्गदर्शन करा हा प्रश्न नाही. फोटो पाठवायचा तर मालाचा पाठवा, लांबलचक व्हॉइस नोट नको, कामात ऐकता येत नाही. एखादी गोष्ट अजून ठरली नसेल तर तसं सरळ लिहा, "जागा बघितली, पैसे आहेत, धंदा दोघांत अडकलाय, चपात्या करून द्याव्यात की पीठ", यालाही चांगलं उत्तर देता येतं, कारण समोरच्याला धरायला काहीतरी मिळतं.

कराडच्या त्या मुलीचे मेसेज अजून येतात. कालचा असा होता: "ताई, पावसात तांदूळ ओलसर येतोय, पाणी किती कमी करू?"